मिक्सरच्या जारखालचा नट निघत नाही, पाना लावला की पात्यांचा सगळा सांगाडाच फिरतो

शांत_दुपार
मधल्या आकाराच्या स्टीलच्या जारचं पातं बदलायचं आहे. जार उलटा केला की मध्ये काळा प्लास्टिकचा कपलर होता, तो निघाला. त्याच्या खाली पातळ षटकोनी नट आहे. पात्याचा पूर्ण संच जारच्या तळाला या नटानेच धरून ठेवला आहे. पूर्वी कधीतरी जार गळत होता म्हणून तो नट फार जोरात आवळला गेला आहे. आता पाना लावून जोर दिला की नट सुटत नाही, तळाच्या भोकात सगळा संचच नटाबरोबर फिरतो. आतून पातं जाड कापडाने घट्ट धरलं, तरी काही फरक नाही. जार फेकायचा नाही, तळ आणि कडा चांगल्या आहेत. नट कसा सोडवावा?

पिवळा_दिवा
गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हाताने निघेल.

मीनल_जो
कपलर निघत नसेल तर आतलं पातं एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताने कपलर फिरवायचा. पातं मात्र जाड कापडात धरा. आमच्याकडे कपलर नेहमी असाच निघतो.

शांत_दुपार
मीनल, कपलर निघालेला आहे. अडकला आहे तो त्याच्या खालचा मोठा नट.

लेथवरचा
पातं धरून फरक पडणारच नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांची गफलत इथेच होते.

पातं दांड्यावर बसवलेलं असतं. तो दांडा एका नळीत फिरतो, आणि नळीच्या आत बुश असतात. नळीला वर कॉलर असते, बाहेरून आटे असतात. नळी जारच्या भोकातून खाली उतरते, कॉलर आणि तळ यांच्यामध्ये रबरी वायसर येतो आणि खालून नट आवळला जातो. नट बसतो तो नळीवर, दांड्यावर नाही. दांडा नळीत मोकळा फिरण्यासाठीच केलेला आहे, म्हणून पातं कितीही घट्ट धरलं तरी नळीला पकड मिळत नाही. कपलर मात्र दांड्यावर असतो, म्हणून तो काढताना पातं धरणं बरोबर. मीनलताईंची पद्धत कपलरसाठी अगदी योग्य आहे, नटासाठी ती लागू पडत नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे की नळीला फिरण्यापासून रोखायचं कसं. काही जारच्या तळाच्या भोकाला एका बाजूला सपाट कड असते आणि नळीलाही तशीच, त्यामुळे ती फिरत नाही. तुमची फिरते आहे, म्हणजे भोक पूर्ण गोल आहे किंवा ती कड झिजली आहे. आतापर्यंत नळीला अडवून धरलं होतं ते फक्त वायसरच्या घर्षणाने. तुम्ही जितक्या वेळा पाना ओढला तितक्या वेळा वायसर तळावर घासला गेला, तो आता बदलावाच लागेल.

पुढचं सांगण्याआधी चार गोष्टी पाहून सांगा.
१) नट कोणत्या धातूचा वाटतो? चुंबक चिकटतो का?
२) नळी कसली, आणि आट्यांवर पांढरी भुकटी आहे का?
३) आतून पात्याच्या खाली कॉलर गोल आहे की षटकोनी?
४) दांड्याच्या खालच्या टोकाला, जिथे कपलर होता तिथे, खाचेत बसलेली बारीक क्लिप दिसते का?

उलटा_पाना
इतके प्रश्न कशाला? मिक्सरमध्ये सगळे आटे उलटे असतात. तुम्ही तो नट सोडवत नाही, आवळत आहात. घड्याळाच्या दिशेने फिरवा, लगेच सुटेल.

लेथवरचा
उलटा_पाना, तुमचं म्हणणं कपलरच्या बाबतीत काही मिक्सरना लागू पडतं, नटाला क्वचितच. कपलरचे आटे कोणत्या दिशेचे असावेत हे मोटर ठरवते. मोटर कपलरला ढकलते आणि जारमधला पदार्थ पात्याला अडवतो. या ओढाताणीत कपलर दांड्यावर आवळला गेला पाहिजे, नाहीतर चालता चालता सुटून पडेल. म्हणून मोटर ज्या दिशेला फिरते त्याच्या उलट दिशेला कपलर सुटतो. पात्याची धारदार कड ज्या बाजूला तोंड करून आहे ती फिरण्याची दिशा. पातं धरा आणि कपलर त्याच्या उलट फिरवा. फक्त लक्षात ठेवा, जार उलटा केला की वरून दिसणारी घड्याळाची दिशा खालून घड्याळाच्या विरुद्ध दिसते. निम्मे कपलर याच घोळात तुटतात.

मोठ्या नटावर मोटरचा असा ताण येत नाही, फक्त बुशच्या घर्षणाचा थोडासा येतो. म्हणून तो बहुधा साध्या आट्यांचा असतो. पण 'बहुधा'वर विसंबून जोर लावू नये. नटाच्या बाहेर नळीचे दोनचार आटे दिसतात, ते पाहा. नळी उभी धरून समोरून बघा. रेघा डावीकडून उजवीकडे चढत असतील तर साधे आटे, उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे. जार सुलटा असो की उलटा, रेघांचा कल तोच राहतो, म्हणून ही खूण फसवत नाही.

शांत_दुपार
पाहिलं.
नटाला चुंबक चिकटतो, कडेला तांबूस गंज आहे. नळी राखाडी, हलकी, बहुतेक ॲल्युमिनियम. दोघांच्या सांध्यात पांढरट भुकटी आहे, नखाने खरवडली की निघते. आटे साडेतीन दिसतात आणि रेघा उजवीकडे चढतात. कॉलर षटकोनी आहे, पण पातं तिच्या इतकं जवळ आहे की पाना आत जात नाही. दांड्याच्या टोकाला खाचेत क्लिप आहे, तिच्या वर दोन पातळ चकत्या.

नटाची एक कड थोडी गोल झाली आहे.

लेथवरचा
छान, यातून रस्ता दिसतो. साधे आटे आहेत, म्हणजे जार उलटा ठेवून वरून पाहताना घड्याळाच्या विरुद्ध दिशेला नट सुटेल. कॉलर षटकोनी आहे, म्हणजे नळी धरता येईल. मध्ये येतंय ते पातं, आणि क्लिप आहे म्हणजे पातं आधीच बाहेर काढता येईल.

क्लिपच्या तोंडात बारीक चपटा पेचकस घालून ती दांड्यापासून बाहेर ढकला. त्या वेळी वर फडकं धरा, क्लिप उडते आणि मग सापडत नाही. चकत्या काढा, कोणती आधी आणि कोणती नंतर ते लिहून ठेवा. मग दांड्याचं टोक लाकडाच्या तुकड्याने हलकेच दाबा. दांडा पात्यासकट जारच्या आतल्या बाजूने बाहेर येईल. अडला तर ठोकू नका, दांड्याच्या खाचेला क्लिपमुळे उठलेली कड असते, ती बुशमध्ये अडकते. बारीक कानशीने ती कड साफ करा.

पातं निघालं की हात कापायची भीती संपते आणि जारच्या तोंडातून थेट कॉलरपर्यंत लांब बॉक्स पाना जातो. आता बॉक्स पान्याने आतून कॉलर धरायची आणि बाहेरून नट फिरवायचा. दोन माणसं असली तर काम फार सोपं होतं. एकाने जार आडवा मांडीवर धरून आतला पाना रोखायचा, दुसऱ्याने बाहेरचा ओढायचा. जारच्या हँडलला धरून जोर देऊ नका, हँडलचे स्क्रू आधी उखडतात.

गव्हाळ
नट गरम करायचा. गरम केलं की धातू फुगतो आणि नट सैल होतो. मेणबत्ती किंवा गॅसची बारीक ज्योत पुरते.

सावली_प
ज्योत अजिबात नको. जारचा खालचा भाग प्लास्टिकचा असतो, नटापासून बोटभर अंतरावर. तो वाकला की जार मिक्सरवर नीट बसतच नाही आणि कपलर तिरका लागतो.

लेथवरचा
सावली यांचं बरोबर आहे. शिवाय या जोडीत गरम करणं तसंही उलटं पडेल. गव्हाळ, तुमचा नियम नट जास्त फुगतो तेव्हा लागू होतो. इथे नट लोखंडाचा आहे आणि आतली नळी ॲल्युमिनियमची. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे दोन्ही तापले की आतली नळी नटात आणखी घट्ट बसणार.

म्हणून इथे थंड करायचं. पातं काढलेला जार पिशवीत गुंडाळून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. नळी नटापेक्षा जास्त आकसेल. फरक किती? आट्यांचा व्यास २४ मिलिमीटर धरला आणि तापमान ४५ अंशांनी उतरलं, तर दोघांच्या आकसण्यातला फरक साधारण एक शतांश मिलिमीटर येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पांढऱ्या भुकटीची जी कडक साय आट्यांमध्ये जमली आहे तिला तडा द्यायला तेवढं पुरतं. मग तेल आत शिरायला वाट मिळते.

नट पितळेचा आणि नळी लोखंडाची असती, तर गव्हाळ यांचा सल्ला योग्य ठरला असता. तिथेही ज्योत नको, उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं दोन मिनिटं नटावर ठेवलं की भागतं.

गव्हाळ
धातूंच्या जोडीचा विचार केला नव्हता. पण केस वाळवायच्या यंत्राने फक्त नटावर झोत दिला तर? नट आधी तापेल, नळीपर्यंत उष्णता पोचेपर्यंत वेळ लागेल.

लेथवरचा
तत्त्व बरोबर आहे, प्रत्यक्षात वेळ फार थोडा मिळतो. नट पातळ आहे आणि आट्यांनी नळीला सगळीकडून चिकटलेला आहे, उष्णता काही सेकंदांत आत जाते. फ्रीजरमधून काढल्या काढल्या नटावर झोत दिला तर दोन्हींचा फायदा मिळू शकतो. एकट्या झोताने होईल असं मला वाटत नाही.

काचेचा_जार
माझ्या ब्लेंडरला असा नटच नाही. काचेचा जार आहे आणि खाली मोठी प्लास्टिकची चकती आटे लावून बसते, तीच घट्ट झाली आहे. त्यालाही बॉक्स पाना लावायचा का?

सावली_प
नाही, ती वेगळी रचना आहे. तिथे चकतीच नटाचं काम करते आणि पात्याचा संच तिच्यात नुसता ठेवलेला असतो. प्लास्टिकला पाना लावला की दात तुटतात. कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास बुडवा, वाळलेला चिकटा विरघळतो. मग चकतीभोवती रबरी पट्टा किंवा रबरी हातमोजा गुंडाळून हाताने फिरवा. काच थेट गरम पाण्यात घालू नका, तडकेल.

पिवळा_दिवा
इतका खटाटोप करण्यापेक्षा रॉकेल टाकलं तर? स्प्रे नसेल तर रॉकेलही मुरतं.

मीनल_जो
ज्या जारमध्ये खायचं वाटायचं त्यात रॉकेल कसं टाकणार? वास जाता जात नाही.

रबर_गास्केट
वासापेक्षा रबराचा प्रश्न मोठा आहे. साधं रबर रॉकेल किंवा तसलं तेल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. तोच वायसर परत लावला तर तो कॉलरखालून बाहेर सरकतो आणि जार पुन्हा गळतो. स्प्रेमध्येही बहुतेक असंच हलकं तेल असतं, म्हणजे दोन्हींचा धोका सारखाच.

या धाग्यातल्या जारचा वायसर तसाही बदलायचा आहे, तेव्हा तेल वापरायला हरकत नाही. तीनचार थेंब पुरे. ते नट आणि नळीच्या सांध्यात सोडा, दांडा जिथून निघाला त्या भोकात नाही. बुशमध्ये गेलेलं तेल पुसलं गेलं नाही तर नंतर वाटणात उतरतं. भोकात कागदाची गुंडाळी घालून ठेवा. काम झालं की सगळे भाग गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुवा.

व्हिनेगर वापरायचा विचार असेल तर ॲल्युमिनियमवर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. रात्रभर ठेवलं की नळीवर खड्डे पडतात.

लेथवरचा
तेलाबद्दल सहमत. क्रम असा ठेवा: आधी थंड करा, मग थोडा ताण देऊन भुकटीला तडा द्या, मग तेल सोडा. भुकटी अखंड असताना तेल वरच राहतं, म्हणून रात्रभर ठेवूनही पुष्कळदा काहीच होत नाही.

ताण देताना एक गोष्ट करा. सोडवायच्या आधी नट किंचित आवळायच्या दिशेला हलवायचा प्रयत्न करा, अगदी केसभर. मग लगेच उलट. दोन्हीकडून हलवल्याने चिकटा तुटतो. पान्याचा दांडा वीतभर लांब असू द्या, पाइप घालून लांबवू नका. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, जास्त जोराने नट सुटण्याऐवजी आटेच सोलून निघतात.

शांत_दुपार
क्लिप निघाली, पातं निघालं. आत बॉक्स पाना कॉलरवर नीट बसतो. फ्रीजरमध्ये तासभर ठेवलं. पण बाहेर नटावर बॉक्स पाना लावला की तो वर सरकून निसटतो आणि कडा आणखी गोल होत आहेत. नट जेमतेम ५ मिलिमीटर जाड आहे. उघडा पाना प्लास्टिकच्या खोलगट भागामुळे नटापर्यंत पोचत नाही.

सावली_प
पान्याच्या तोंडाची आतली कड पाहा. पाना नटावर सहज बसावा म्हणून तिथे उतरती कड दिलेली असते. तेवढ्या भागात पाना नटाला पकडतच नाही. जाड नटावर काही बिघडत नाही, पण ५ मिलिमीटरच्या नटात दोनेक मिलिमीटर त्या उताराने गेले, तर पकड उरते जेमतेम निम्म्या जाडीवर. म्हणून तो वर सरकतो.

पान्याचं तोंड सपाट दगडावर किंवा ग्राइंडरवर घासून उतार संपेपर्यंत बारीक करा. थोडं घासायचं, थंड होऊ द्यायचं, परत घासायचं. तोंड निळं पडलं तर पोलाद मऊ होतं. यासाठी जुना पाना वापरा. आणि सहा कोनांचाच घ्या, बारा कोनांचा नको. बारा कोनांचा नटाच्या टोकांवर पकडतो आणि तुमची टोकंच झिजलेली आहेत.

उलटा_पाना
पाना घासण्यापेक्षा नटाच्या कडेवर छिन्नी ठेवून हातोडीने तिरके ठोके द्या. फिरायला लागतो.

लेथवरचा
ती शेवटून दुसरी पायरी समजा. तिरके ठोके नटाला फिरवतात हे खरं, धक्क्याने चिकटाही सुटतो. पण जारचा तळ पातळ पत्र्याचा आहे, मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा. आतून आधार नसेल तर भोकाभोवती पत्रा आत दबतो. मग नवा वायसर कितीही चांगला असला तरी तो सपाट बसत नाही आणि गळती कायमची होते. ठोकायचंच असेल तर आतून कॉलरखाली बसेल असा लाकडी ठोकळा उभा करा, जार त्यावर टेकवा, म्हणजे धक्का लाकडात जाईल. ठोके बारीक आणि पुष्कळ द्या, एकच मोठा नको.

सगळ्यात शेवटी नट कापायचा. बारीक करवतीच्या पात्याने नटाच्या एका सपाट बाजूवर आरपार आटे लागेपर्यंत नाही, त्याच्या थोडं अलीकडे थांबेपर्यंत काप घ्यायचा. मग कापात चपटा पेचकस घालून पिरगळायचा. नट तिथे फाटतो. संच नवा बसवणार असाल तर आटे दुखावले तरी बिघडत नाही.

शांत_दुपार
पान्याचं तोंड घासलं. पुन्हा तासभर फ्रीजर, मग आधी आवळायच्या दिशेला थोडा ताण, मग उलट. कट असा बारीक आवाज आला आणि नट पाव फेरा फिरला. मग मात्र जड झाला आणि आट्यांतून राखाडी चुरा येतोय. ओढत राहू का?

लेथवरचा
थांबा. तो चुरा ॲल्युमिनियमचा आहे. भुकटी आणि चुरा आट्यांत भरतो आणि नट पुन्हा अडतो. पाव फेरा परत आवळा, आता तेलाचे तीन थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा. मग अर्धा फेरा सोडवा, पाव फेरा आवळा, असं पुढेमागे करत या. मध्ये मध्ये जुन्या दात घासायच्या ब्रशने चुरा झाडा. आता तेल आत जाईल, कारण वाट मोकळी झाली आहे.

शांत_दुपार
निघाला. एकूण वीसेक मिनिटं लागली. नळीचे पहिले दोन आटे सोलले आहेत, बाकी ठीक. वायसर एका बाजूला चपटा होऊन कॉलरबाहेर जिभेसारखा आला होता. जारचा तळ भोकाभोवती सपाट आहे, पट्टी ठेवून पाहिलं, उजेड दिसत नाही.

रबर_गास्केट
ती जिभेसारखी बाहेर आलेली कडच सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. गळतं म्हणून नट आवळला, वायसर बाहेर सरकला, त्यामुळे आणखी गळलं, म्हणून आणखी आवळला. वायसरला पाणी अडवायला थोडंसंच दबावं लागतं. नवा वायसर २ मिलिमीटर जाडीचा असेल तर पाचव्या हिश्शाइतका दाब, म्हणजे ०.४ मिलिमीटर, पुरेसा असतो.

आता तुमच्या आट्यांचं अंतर मोजा. दहा आट्यांवर पट्टी ठेवता आली तर उत्तम, नाहीतर तीन आटे मोजून भागा. दीड मिलिमीटर आलं तर नट एका पूर्ण फेऱ्यात दीड मिलिमीटर सरकतो, पाव फेऱ्यात ०.३८. म्हणजे हाताने वायसरला टेकेपर्यंत फिरवा आणि मग पान्याने पाव फेरा. तेवढंच. अंतर १ मिलिमीटर असेल तर पाव फेऱ्यात फक्त ०.२५ होईल, तिथे पाव फेऱ्यापेक्षा थोडं जास्त, साधारण १४० ते १५० अंश लागेल.

उलटा_पाना
पाव फेऱ्याने नट मोटरच्या थरथरीत सुटेल. मी म्हणेन आवळा आणि आट्यांवर घट्ट धरणारा डिंकही लावा.

सावली_प
डिंकाला माझा विरोध आहे. पुढच्या वेळी तो नट असाच निघणार नाही, आणि पाण्याच्या, वाटणाच्या जवळ कोणता डिंक चालतो हे डबीवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच विचार करावा. दबलेलं रबर स्प्रिंगसारखं नटाला ढकलत राहतं, तीच त्याची पकड. काही संचांत जीभ दुमडायची पत्र्याची चकती येते, ती असेल तर ती लावा.

लेथवरचा
सुटण्याची भीती अगदीच निराधार नाही. बुश कोरडे पडले की घर्षण वाढतं आणि नळी फिरू पाहते, गोल भोक असलेल्या जारमध्ये विशेष. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर एकदा नट हाताने तपासा. डिंकाबद्दल मी ठाम बोलणार नाही, मी तो वापरत नाही.

आणखी एक तपासणी. नट लावल्यावर दांडा बसवा आणि पातं बोटाने टिचकी मारून फिरवा, दोन फेरे तरी सहज फिरलं पाहिजे. जड फिरत असेल तर नट जास्त आवळला आहे किंवा नळी तिरकी बसली आहे. जास्त आवळल्याने पातळ नळी दबते आणि बुश दांड्याला चिमटतात.

रबर_गास्केट
आणि पाण्याने तपासताना थेंब नेमका कुठे आहे ते बघा. जारमध्ये दोन बोटं पाणी घाला, कोरड्या कागदावर पाव तास ठेवा, मग उचलून खालून पाहा. थेंब नटाच्या कडेला असेल तर वायसरचं काम अपुरं आहे, नट थोडा आणखी फिरवा. थेंब मधोमध दांड्याच्या टोकावर असेल तर पाणी बुश आणि दांड्यामधून येतं आहे. ती गळती नट कितीही आवळला तरी थांबत नाही.

शांत_दुपार
नवा वायसर लावला, आट्यांचं अंतर दीड निघालं, पाव फेरा दिला. नवं पातं आलेलं नाही म्हणून तपासणीपुरतं जुनंच बसवलं. पातं सहज फिरतं. पाव तासानंतर नटाची कड कोरडी, पण दांड्याच्या टोकावर एक थेंब आहे. म्हणजे पूर्वीची गळतीही इथलीच असणार. आता फक्त बुश बदलून चालेल, की नळीसकट पूर्ण संच घ्यावा?

सावली_प
दांडा धरून आडवा हलवून पाहा. जाणवण्याइतका खेळ असेल आणि दांड्यावर बुशच्या जागी झिजेची चकचकीत पट्टी नखाला लागत असेल, तर दांडाही गेला आहे, नुसते बुश घालून उपयोग नाही.

लेथवरचा
आणि पहिले दोन आटे सोललेले आहेत हे लक्षात घ्या. नटाला पकडायला किमान तीन अखंड आटे मिळत असतील तर नळी चालेल. नट हाताने लावून त्याच्या बाहेर किती आटे उरतात ते मोजा. सोललेले दोन तिथेच, बाहेरच्या बाजूला राहत असतील तर बुश बदला. नटाच्या आत येत असतील तर पूर्ण संच घ्या, आणि नवी नळी पितळेची मिळाली तर बघा, ॲल्युमिनियमपेक्षा तिचे आटे टिकतात.

शांत_दुपार
दांडा हलतो, किंचित. नखाला पट्टी लागते. नटाच्या बाहेर साडेतीन आटे उरतात, सोललेले दोन्ही बाहेरच आहेत, म्हणजे नळी ठीक, पण दांडा झिजलेला. नव्या पात्याबरोबर दांडा येतोच, तेव्हा बुश आणि पातं-दांडा एवढंच घेऊन बघते.

रबर_गास्केट
चालेल. बुश नळीत ठोकून बसतात, ते बसवताना नवा दांडा आत घालूनच बसवा, म्हणजे दोन्ही बुश एका रेषेत राहतात. कोरडे बसवू नका, खाण्यात चालणाऱ्या तेलाचे दोन थेंब दांड्यावर घ्या.